क्षारपड रानाचा नकाशा: ईएम यंत्राचं रीडिंग बारा खड्ड्यांशी कसं जुळवायचं

शिरोळ, मिरज, वाळवा या पट्ट्यात कृष्णाकाठच्या काळ्या रानात उन्हाळ्यात फिरलं की एकाच बांधाच्या आत तीन तऱ्हा दिसतात. कुठे ऊस डोक्याच्या वर गेलेला, कुठे गुडघाभर पिवळा, आणि मधेच पांढरी खार फुटलेला मोकळा तुकडा. डोळ्यांना दिसते ती खार शेवटच्या टप्प्याची. त्याच्या आधीची, मुळाशी साठलेली आणि उताऱ्यात दोन-चार टन खाऊन जाणारी खार वरून दिसत नाही. ती शोधायला ईएम, म्हणजे विद्युतचुंबकीय, यंत्र कामी येतं, पण त्याचं रीडिंग जसंच्या तसं क्षारांचा आकडा म्हणून वापरायचं नसतं. नवीन माणूस पहिल्यांदा इथेच चुकतो.

चार एकराचं एक रान घेऊ. लांबी साधारण १८० मीटर, रुंदी ९० मीटर, ऊस नुकताच तुटलेला, खोडवा ठेवायचा की नाही हे अजून ठरायचंय. पुढच्या हिशेबातले आकडे पद्धत समजावी म्हणून मांडले आहेत. तुमच्या रानात ते वेगळे येतील, हिशेब मात्र हाच राहील.

यंत्र नेमकं काय मोजतं

जमिनीच्या कामात सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं यंत्र म्हणजे कॅनडाच्या जिओनिक्स कंपनीचं ईएम-३८. साधारण मीटरभर लांबीची पट्टी, एका टोकाला प्रक्षेपक कॉइल, दुसऱ्या टोकाला ग्राहक कॉइल. पहिली कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे मातीत बारीक प्रवाह फिरायला लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि दुसरी कॉइल ते पकडते. माती जितकी विद्युतवाहक तितकं रीडिंग मोठं. एकक मिलिसायमन प्रति मीटर. मातीत काहीही खुपसावं लागत नाही, म्हणून माणूस चालता चालता शेकडो रीडिंग घेऊ शकतो.

अडचण अशी की मातीची वाहकता क्षारांमुळे वाढते तशी ओलाव्यामुळेही वाढते, चिकणमातीमुळे वाढते आणि तापमानामुळेही वाढते. आपली काळी माती तर एरवीही बरीच वाहक. त्यामुळे क्षार नसलेल्या काळ्या रानातही रीडिंग शून्याच्या आसपास कधीच येत नाही. मुरमाड रानातल्या ८० ची आणि काळ्या रानातल्या ८० ची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

यंत्र उभं धरलं तर ते खोलवरचं बघतं, साधारण दीड मीटरपर्यंत. आडवं, म्हणजे कुशीवर पाडलं, तर पाऊण मीटरपर्यंत. पण ही खोली म्हणजे तिथे रेघ मारली आणि त्याखालचं दिसत नाही असं नसतं. वरच्या ३० सेंटीमीटरच्या थराचा वाटा आडव्या रीडिंगमध्ये सुमारे ४३ टक्के असतो, उभ्या रीडिंगमध्ये फक्त १४. या फरकातून एक फुकटची माहिती मिळते. आडवं रीडिंग उभ्यापेक्षा मोठं आलं तर क्षार वर साठलेत, म्हणजे बहुधा भूजल वर आलंय आणि पाणी खालून वर ओढलं जाऊन उडून जातंय. उभं मोठं आलं तर क्षार खाली गेलेत, निचरा थोडाफार चालू आहे. शेतकऱ्याला निचऱ्याचे पाईप टाकायचे असतील तर एवढी एक गोष्टसुद्धा मोलाची.

वाफसा आल्याशिवाय रानात उतरू नका

सगळ्या कामात दिवस निवडणं हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्यासाठी आपल्या भाषेत तयार शब्द आहे. रान वाफशावर असलं पाहिजे. कोरड्या काळ्या मातीत भेगा पडतात, प्रवाहाची वाट तुटते आणि खारवट जागाही चांगल्या जमिनीसारखी दिसते. उलट अर्धं रान काल भिजवलेलं आणि अर्धं पंधरा दिवसांपूर्वीचं असेल तर हाती येतो तो पाटपाण्याच्या पाळीचा नकाशा. त्याला क्षारांचा नकाशा म्हणून कुणी घरी नेऊ नये.

म्हणून पूर्ण रान एकदम भिजवा आणि थांबा. काळ्या जमिनीत आठवडा-दहा दिवस लागू शकतात. दिवस मोजण्यापेक्षा ढेकूळ हातात घ्या. दाबल्यावर फुटलं आणि बोटांना चिकटलं नाही की काम सुरू करा.

पाचट आधी बाहेर काढा किंवा सरीत सारखं पसरा. नाहीतर यंत्र कधी मातीवर आणि कधी चार बोटं वर राहतं, आणि उंची बदलली की रीडिंग बदलतं. सरी-वरंब्याचाही विचार आत्ताच करा. क्षार वरंब्याच्या माथ्यावर चढतात, सरीत कमी असतात. सरीतून चालायचं की माथ्यावरून, हे एकदा ठरवलं की संपूर्ण रानभर तेच, आणि नंतर खड्डेही त्याच जागी.

लोखंडापासून लांब राहणं हा दुसरा नियम. द्राक्षबागेत हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी, कारण मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा रीडिंग बिघडवतात. उपसा सिंचनाची जुनी लोखंडी पाईपलाईन, तारेचं कुंपण, विजेचा पंप, डीपी यांच्यापासून काही मीटर लांब राहा. ठिबकच्या प्लास्टिक नळ्यांचं काही नाही. आणि स्वतःकडे बघा: पट्ट्याचं बक्कल, खिशातल्या किल्ल्या, मोबाईल, लोखंडी टोकाचे बूट. पहिल्या वेळी माझा मोबाईल शर्टाच्या खिशात राहिला होता आणि दोन ओळी पुन्हा चालाव्या लागल्या.

शून्य लावणं आणि चालणं

सकाळी यंत्र सुरू करून सावलीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मग लोखंडापासून लांब, रानातल्या कमी वाहक वाटणाऱ्या जागी ते जमिनीपासून दीड मीटर उंच धरून शून्य लावायचं. बटणं आणि क्रम पुस्तिकेत आहे, पण बरोबर लागलं की नाही हे तपासायची एक युक्ती आहे. दीड मीटर उंचीवर उभं रीडिंग आडव्याच्या जवळपास दुप्पट यायला हवं. सिद्धांताप्रमाणे गुणोत्तर १.९५ येतं. तसं येत नसेल तर शून्य चुकलंय, पुन्हा लावा.

रानाच्या कडेला एक खुंटी ठोका. लाकडाची, लोखंडाची नाही. दर अर्ध्या तासाने तिथे परत येऊन रीडिंग घ्या आणि वेळेसह लिहा. दुपारी ऊन तापलं की यंत्र आतून तापतं आणि रीडिंग हळूहळू सरकतं. खुंटीवर सकाळी १४२ आणि अकरा वाजता १५१ आलं तर मधल्या सगळ्या रीडिंगमध्ये वेळेच्या प्रमाणात दुरुस्ती करावी लागते. यंत्रावर पांढरं कापड टाकलं तर हे सरकणं बरंच कमी होतं. शहाणा माणूस सकाळी अकराच्या आत काम उरकतो.

ओळींमधलं अंतर १० मीटर ठेवलं तर आपल्या चार एकरांत नऊ ओळी होतात आणि एकूण चाल दीड-पावणेदोन किलोमीटर. सेकंदाला एक रीडिंग नोंदलं तर दीड हजारांवर बिंदू जमतात. जुन्या यंत्रात आडवं आणि उभं अशा दोन फेऱ्या करा. नवीन मॉडेलमध्ये एकाच फेरीत दोन खोल्या मिळतात.

जीपीएस पाठीवर आणि यंत्र दोन मीटर मागे असेल तर नकाशात एक ओळ पुढे, एक मागे अशी करवतीच्या दातांसारखी नक्षी दिसते. कारण एका ओळीत तुम्ही उत्तरेकडे चालता, पुढच्या ओळीत दक्षिणेकडे. ही नक्षी दिसली की रानाला दोष देऊ नका. जीपीएस यंत्राच्या बरोबर वर बसवा किंवा अंतराची दुरुस्ती करा.

खुंटीजवळ ३० सेंटीमीटर खोलीवर मातीचं तापमान घ्या. सगळी रीडिंग २५ अंशांवर आणायची असतात आणि त्याचं नेहमी वापरलं जाणारं सूत्र असं:

```
EC25 = ECt * (0.4470 + 1.4034 * exp(-T / 26.815))
```

माती ३० अंशांवर असेल तर गुणक ०.९०५ येतो. म्हणजे यंत्रावर दिसलेलं २२१ हे खरं २०० समजायचं. मे महिन्यातलं आणि डिसेंबरातलं रीडिंग शेजारी ठेवायचं असेल तर ही दुरुस्ती टाळता येत नाही.

खड्डे कुठे घ्यायचे

इथे बहुतेकांचा हात सवयीने चौकटीकडे जातो: रानाचे बारा सारखे चौकोन आणि प्रत्येकाच्या मध्ये एक खड्डा. असं करू नका. चौकटीत बहुतेक खड्डे मधल्या रीडिंगच्या जागी पडतात, कारण रानात तशीच जागा जास्त असते. मग समीकरणाच्या रेषेची दोन्ही टोकं हवेत लोंबकळतात. खड्ड्यांच्या जागा रीडिंगनेच ठरवायच्या, म्हणून आधी चालायचं आणि मगच खणायचं.

अमेरिकेत रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने यासाठी ईसॅप नावाची संगणक प्रणाली केली आहे. ती दोन्ही खोल्यांची रीडिंग एकत्र बघून ६, १२ किंवा २० जागा सुचवते. हातानेही जमतं. सगळी आडवी रीडिंग चढत्या क्रमाने लावा, सहा सारखे गट करा आणि प्रत्येक गटातून दोन जागा निवडा. दोन्ही एकमेकींपासून लांब, एक पाटाच्या बाजूची, एक ओढ्याच्या बाजूची. या बारांत रानातली सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त रीडिंगची जागा आली पाहिजे. शेजारच्या रीडिंगशी फटकून असलेला एकुलता एक बिंदू मात्र घेऊ नका, तिथे बहुधा लोखंड गाडलेलं असतं.

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी खणा. प्रत्येक जागी आधी यंत्र ठेवून पुन्हा रीडिंग घ्या, कारण चालताना घेतलेल्या बिंदूची जागा मीटर-दोन मीटर इकडेतिकडे असते. मग यंत्राच्या मध्याखाली ऑगर घाला: ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटीमीटर. एकूण ३६ नमुने. प्रत्येक पिशवीत किलोभर माती. चिठ्ठी आत आणि बाहेर दोन्हीकडे, आतली पेन्सिलने लिहिलेली आणि वेगळ्या छोट्या पिशवीत घातलेली. ओल्या काळ्या मातीत शाईच्या चिठ्ठीचा लगदा होतो आणि मग सात क्रमांकाचा खड्डा की एक क्रमांकाचा, यावर वाद घालत बसावं लागतं. प्रत्येक थरातली थोडी माती बंद डबीत वेगळी ठेवा. ती तोलून, १०५ अंशांवर २४ तास वाळवून पुन्हा तोलली की ओलावा कळतो. तो नंतर कामी येणार आहे.

प्रयोगशाळेला काय सांगायचं

मृद आरोग्य पत्रिकेत ईसी, म्हणजे विद्युतवाहकतेचा आकडा, असतो, तो घेऊन चालेल का, असं हमखास विचारतात. चालत नाही, निदान सरळ तरी नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून ईसी घेतात. ४ डेसिसायमनच्या पुढे खारवट ही जी मर्यादा आपण ऐकतो, ती संपृक्त लगद्यातून काढलेल्या अर्काची आहे. तिला ईसीई म्हणतात. मातीत ऊर्ध्वपातित पाणी थोडं थोडं घालत ती चकाकेपर्यंत आणि पळीवरून अलगद घसरेपर्यंत मळायची, रात्रभर ठेवायची आणि सकाळी निर्वात पंपाने अर्क ओढायचा.

काळी माती अशा लगद्याला तिच्या वजनाच्या ७० ते ९० टक्के पाणी सहज पिते. ८० टक्के धरलं तर एकास अडीचच्या द्रावणात पाणी तिप्पट असतं. म्हणजे तिथे ईसी १.३ आला तर ईसीई ४ च्या आसपास असू शकतो. शेतकरी पत्रिकेवर १.३ बघून निश्चिंत राहतो. नुसतं तीनने गुणूनही भागत नाही, कारण मातीत जिप्सम असेल तर जास्त पाण्यात ते जास्त विरघळतं आणि गुणाकार फुगतो. सगळ्या ३६ नमुन्यांचा लगदा परवडत नसेल तर कमी, मध्यम आणि जास्त क्षारांचे मिळून आठ-दहा नमुने लगद्याने करून घ्या, बाकीचे एकास अडीचने. मग त्या आठ-दहांवरून तुमच्याच रानापुरतं रूपांतर बसवा. पीएच सगळ्या नमुन्यांचा घ्या.

रेषा बसवणं

आता बारा जागांची २५ अंशांवरची आडवी रीडिंग आणि त्याच जागांचा ०–६० सेंटीमीटरचा सरासरी ईसीई शेजारी मांडा:

```
EMh,ECe
92,1.5
105,1.3
118,2.1
134,1.9
150,2.9
171,2.7
190,3.9
214,3.6
240,6.1
268,5.2
305,8.2
350,8.0
```

आकडे वाढतात तसा विखुरलेपणाही वाढतो, म्हणून दोन्हींचा लॉग घेऊन रेषा बसवायची. वरचा तक्ता namune.csv नावाने साठवला की आर या संगणक प्रणालीत एवढंच:

```r
d <- read.csv("namune.csv")
m <- lm(log(ECe) ~ log(EMh), data = d)
summary(m)
loo <- residuals(m) / (1 - hatvalues(m))
exp(sqrt(mean(loo^2)))
```

उत्तर येतं:

```
ln(ECe) = -6.11 + 1.41 * ln(EMh)
R2 = 0.94
```

रीडिंग २०० असेल तर ईसीई ३.९ निघतो. एककं सरळ बदलून २०० मिलिसायमन म्हणजे २ डेसिसायमन असं धरलं असतं तर हीच जागा चांगल्या जमिनीत मोजली गेली असती.

R2, म्हणजे रेषा किती जुळली याचं माप, ०.९४ बघून हुरळून जाऊ नका. कोडमधली शेवटची ओळ एकेक खड्डा बाजूला ठेवून उरलेल्या अकरांवरून त्याचा अंदाज करते. इथे ती १.१९ देते, म्हणजे अंदाज साधारण १९ टक्क्यांनी चुकतो. एखाद्या एकट्या बिंदूची ९५ टक्के खात्रीची मर्यादा काढली तर आणखी जमिनीवर यायला होतं: २०० च्या रीडिंगला ईसीई २.७ ते ५.६ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून नकाशावरून पट्टे ओळखायचे. अमुक गुंठ्यात बरोबर ३.९ आहे असं कुणाला सांगायचं नाही.

उभं आणि आडवं दोन्ही एकाच समीकरणात घालायचा मोह होतो. बारा खड्ड्यांवर तो टाळा. दोन्ही रीडिंग एकमेकांबरोबरच वर-खाली होतात. त्यामुळे एकाचा गुणक खूप मोठा, दुसऱ्याचा उणे असं काहीतरी विचित्र निघतं आणि एक खड्डा काढला की दोन्ही पालटतात. मुळांच्या थराला आडवं, निचऱ्याच्या खोलीला उभं, अशी दोन वेगळी समीकरणं बरी.

रेषेपासून फारच लांब पडलेला खड्डा दिसला तर लगेच खोडू नका. आधी डबीतला ओलावा बघा. बाकीचे खड्डे ३० टक्क्यांवर आणि हा ४० वर असेल तर तो पाटाच्या झिरपणीत आला आहे. ओलावा सारखा असेल तर चिठ्ठ्यांची अदलाबदल तपासा, मग लोखंड. या तिन्हींतून काही निघालं नाही तर खड्डा ठेवा आणि त्याच्याजवळ आणखी एक खणा. रेषाच बसत नसेल, समजा ०.४-०.५ वर अडकली असेल, तर रानात मातीच दोन प्रकारची असण्याची शक्यता मोठी. ओढ्याकाठची पोयटा आणि वरची काळी यांची समीकरणं वेगळी करावी लागतात, आणि प्रत्येकाला स्वतःचे खड्डे लागतात.

नकाशा, आणि तो कुठे थांबतो

समीकरण उलटं फिरवलं की वर्गांच्या सीमा मिळतात. ईसीई २, ४ आणि ८ ला आपल्या रानात १२५, २०५ आणि ३३५ ही रीडिंग येतात. सगळ्या बिंदूंचा ईसीई काढून क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत ५ मीटरच्या चौकोनांवर क्रिगिंगने, म्हणजे जवळच्या बिंदूंवरून मधल्या जागांचा अंदाज करून, पसरवा आणि या सीमांवर रंग द्या. उसाचं उत्पन्न ईसीई साधारण १.७ च्या पुढे घटायला लागतं. त्यामुळे २ ते ४ चा पट्टा 'ठीक आहे' म्हणून हिरवा रंगवू नका. उतारा गुपचूप जातो तो तिथूनच.

रीडिंग ९२ ते ३५० च्या बाहेर असेल तिथे समीकरण लागू नाही. तो भाग राखाडी ठेवा. शिवाय रीडिंग काही शेकड्यांत गेलं की यंत्र खऱ्या वाहकतेपेक्षा कमी दाखवायला लागतं, त्यामुळे वरच्या टोकाला रेषा ताणणं दुप्पट धोक्याचं. हे समीकरण शेजाऱ्याच्या रानाला लावायचं नाही. निचरा टाकल्यावर दोन वर्षांनी पुन्हा चाललात तरी चार-सहा खड्डे नव्याने घ्यावेच लागतात, कारण त्या दिवशीचा ओलावा आजचा नसतो.

शेवटची मर्यादा सगळ्यात खर्चिक ठरू शकते. यंत्राला चोपण दिसत नाही. सोडियमने मातीचे कण विस्कटलेले असतात, पाणी वरच तुंबतं, पण विरघळलेले क्षार कमी असतात. अशी जागा नकाशात चक्क हिरवी येते. तिथेच ऊस पिवळा असेल तर त्या खड्ड्यांचा पीएच काढून बघा. ८.५ च्या वर असेल तर विनिमयक्षम सोडियमची टक्केवारी तपासून घ्या. जिप्समच्या पोत्यांचा हिशेब त्या टक्केवारीवर करायचा आणि फुटलेल्या खारीला पाणी देऊन धुवायचं ते ईसीईच्या नकाशावरून. पाणी जायला वाट नसेल तर दोन्हीच्या आधी निचरा.